बंधाऱ्यावरच्या उड्या: वलगणीच्या नोंदवहीतून

३ जून

साइट पावसाळ्यापुरती बंद झाली. ऑक्टोबरपर्यंत मी गावी आहे, आणि या वर्षी एक काम डोक्यात घेऊन आलोय. आमच्या ओढ्यावरच्या सिमेंटच्या बंधाऱ्यापाशी वलगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर मासे वर चढतात तेव्हा, ते उड्या मारतात आणि अख्खा गाव ते बघायला जमतो. लहानपणापासून बघतोय. पण त्या उड्यांतला एखादा तरी मासा वर पोचतो का, हे मोजलेलं मला कुणी भेटलं नाही. आप्पांना (मोठे चुलते) विचारलं तर म्हणाले, "पोचत असतील की. उगाच का उडतात?"

ओढा अजून कोरडा आहे, म्हणून आधी मापं घेऊन टाकली. भिंत ९ मीटर लांब. भिंतीच्या पायाशी काँक्रीटची फरशी आहे, २ मीटर रुंद. वरून पडणाऱ्या पाण्यानं पाया उकरला जाऊ नये म्हणून ती असते. फरशीपासून भिंतीचा माथा ७२ सेंटिमीटर. फरशी संपते तिथे पाण्यानं माती खाऊन डोह केलाय, आजच्या घडीला ७० सेंटिमीटर खोल. पाणसळ लावून बघितली तर डाव्या काठाला माथा ३ सेंटिमीटरने खाली आहे. बांधणाऱ्या गवंड्याची चूक. पुढे हीच चूक कामाला येईल असं वाटतंय, म्हणून लिहून ठेवतो.

भिंतीला लाल-पांढरे पट्टे मारले, दर १० सेंटिमीटरला एक.

९ जून

मिरगाचा पहिला मोठा पाऊस काल रात्री झाला. सकाळी ओढा चहासारखा लाल. दुपारी चारला बंधाऱ्यावर गेलो, तर मासे आलेच होते. बहुतेक खवल्यांचे, बोटभरापासून वीतभरापर्यंत. गाबोळीनं पोटं फुगलेल्या माद्या, आणि त्यांच्यामागे नर.

हे मासे खालच्या मोठ्या पाण्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून भाताच्या खाचरांत शिरतात, ते अंडी घालायला. खाचरातलं पाणी उथळ, कोमट, नुकत्याच भिजलेल्या गवता-मातीतल्या बारीक जिवांनी भरलेलं. पिल्लांना खायला मुबलक आणि पिल्लांना खाणारे मोठे मासे तिथे कमी. अडचण एकच, ते पाणी फक्त पावसाळ्यात असतं. त्यामुळे पहिल्या लोंढ्याबरोबर वर निघालं तरच पिल्लं मोठी होऊन पाणी आटायच्या आत परत फिरतात. नवं पाणी थंड असतं, गढूळ असतं, त्याला मातीचा वास असतो आणि त्याला ओढ असते. वाट बघत बसलेल्या माशाला तेवढी खूण पुरते. मग तो ज्या दिशेनं पाणी येतं त्या दिशेला तोंड करून निघतो आणि वाटेत भिंत आली की तिच्याशी भिडतो.

अर्धा तास मोजलं. ४१ उड्या. वर पोचलेले शून्य.

आणखी एक गोष्ट दिसली. उड्या भिंतीपाशी पडतच नव्हत्या. फरशीवरून पातळ पाणी जोरात सरकत येतं आणि जिथे डोहात कोसळतं, तिथे पाण्याचा एक उभा फुगवटा तयार होतो. उड्या त्या फुगवट्यातून. मासा वर येतो, फरशीवर आपटतो, ८ सेंटिमीटर पाण्यात वळवळतो आणि घसरून परत डोहात. भिंत अजून २ मीटर पुढे. तो भिंतीवर उडी मारतो असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे भिंतीपर्यंत तो पोचलेलाच नसतो.

आप्पांनी मात्र फरशीच्या कडेला बांबूची टोपली टांगून ठेवलीय. घसरून येणारा मासा थेट तिच्यात. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली.

११ जून

मोबाईलवर स्लो मोशनचं चित्रण. सेकंदाला २४० चित्रं. मासा पाण्यातून निघून पुन्हा त्याच पातळीच्या पाण्यात पडायला जो वेळ लागतो, त्यावरून उंची काढता येते. दगड वर फेकल्यासारखंच गणित आहे, h म्हणजे उंची, t म्हणजे वेळ आणि g म्हणजे गुरुत्वत्वरण:

h = g × t² ÷ 8

पहिल्याच माशाला फसलो. मासा साधारण २० सेंटिमीटर लांब. नाकाडं बाहेर दिसलं तिथपासून शेपूट पुन्हा बुडेपर्यंत १२० चित्रं मोजली, म्हणजे अर्धा सेकंद. उंची आली ३० सेंटिमीटर. पण मागच्या पट्ट्यांवर तो जेमतेम २० च्या रेषेला टेकलेला. रात्रभर डोकं खाजवलं. चूक साधी होती. नाकाडं बाहेर आलं तेव्हा शेपूट अजून पाण्यात रेटा देत असतं, तेव्हा मासा उडालेला नसतो. अंगाचा मध्य पाण्याबाहेर पडला तिथून तोच मध्य परत पाण्याला लागेपर्यंत मोजायला हवं. तसं मोजलं तर ९६ चित्रं, ०.४ सेकंद, उंची १९.६ सेंटिमीटर. पट्ट्यांशी जुळलं.

आणखी सात उड्यांची चित्रं मोजली. सगळ्यात उंच २४, सगळ्यात कमी ६.

१२ जून

आज वहीवरच काम. पाऊस उघडला, ओढा उतरला, मासे डोहात गुपचूप.

उडीची उंची ठरते मासा पाणी सोडताना किती वेगात आहे त्यावर. लहान माशांचा ढोबळ हिशेब असा धरतात की जीव खाऊन पळताना ते सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतात, तेही काही सेकंदच. म्हणजे १५ सेंटिमीटरचा मासा दीड मीटरच्या वेगानं सुटतो आणि सरळ वर गेला तर ११ सेंटिमीटर चढतो. २० सेंटिमीटरचा २० चढतो. २५ चा ३२. वेग दुप्पट झाला की उंची चौपट, म्हणून मोठ्या माशाला अवाच्या सवा फायदा. स्कॉटलंड किंवा अलास्कातल्या सामन माशांची छायाचित्रं बघून आपण आपल्या ओढ्यातल्या माशाला तोच न्याय लावतो. सामन सेकंदाला ६ मीटरनं सुटला तर १.८ मीटर चढतो. आमच्या ओढ्यातल्या मळ्या माशाला ते कुठून जमायचं?

आणि आमच्या बंधाऱ्याची उंची फरशीवरचं पाणी वजा करून ६४ सेंटिमीटर. त्यात डोह भिंतीपासून २ मीटर दूर. २० सेंटिमीटरचा मासा तिरका उडाला तर आडवा फार तर ३५-४० सेंटिमीटर जातो. फरशीवरून पोहत जावं तर ८ सेंटिमीटर पाण्यात त्याचं अर्धं अंग उघडं, शेपटीला धरायला पाणीच नाही. डोह आहे, पण चुकीच्या जागी आहे.

१५ जून

मधेच एक फेरी. मावसभावाच्या शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ आहेत. त्याचा फोन आला, "दादा, माझे पण मासे उडतायत, बघायला ये."

पहाटे साडेपाचला गेलो तर मासे उडत नव्हते, पृष्ठभागावर तोंडं काढून ओठ हलवत होते. रात्री शेवाळ आणि मासे दोघंही पाण्यातला प्राणवायू वापरतात, तो भरून काढणारं ऊन नसतं, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसांनंतर आणखी कमी. हे उडणं नाही, गुदमरणं आहे. त्याला पंप सुरू करायला लावला, खत आणि खाद्य दोन दिवस बंद.

आठनंतर जोराची सर आली आणि बांधावरून पाणी तळ्यात उतरायला लागलं. तेव्हा मात्र खऱ्या उड्या. एकच जागा, जिथे पाणी पडतं ती. तोंड पाण्याच्या धारेकडे. दोन रोहू बांधावर येऊन पडले. वलगणच ही, फक्त तिला ओढा मिळालेला नाही.

तेवढ्यात तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बोटाएवढी मासोळी पंख्यासारखी एकदम उधळली. बाहेरून शिरलेली मरळ खाली असणार. तीच जागा दुसऱ्या क्षणी शांत. उडी कशासाठी हे उडीकडे बघून बरंचसं कळतं. पाठलाग झाला की झुंडच्या झुंड सगळ्या दिशांना फुटते, आणि चढणीचा मासा एकेकटा, त्याच जागी, त्याच दिशेला पुन्हा पुन्हा उडतो. एखादा मासा स्थिर पाण्यात कुशीवर आपटत असेल, कडेला अंग घासत असेल, तर धरून खवले बघावेत. माशांच्या उवा लागलेल्या असू शकतात. भावाला तेही बघून ठेवायला सांगितलं. मिळाल्या नाहीत.

१९ जून

दोन दिवस नुसता धो धो पाऊस. सकाळी बंधाऱ्यावर गेलो आणि गोंधळलो. पाणी इतकं, पण उड्या शून्य. अर्धा तास, शून्य. मला वाटलं मासे गेले, संपलं काम.

मग पट्टी वाचली. भिंतीच्या खालचं पाणी इतकं वर आलं होतं की माथ्याशी फरक जेमतेम १५ सेंटिमीटरचा. पूर आला की वरच्या पातळीपेक्षा खालची पातळी भरभर चढते, कारण खाली ओढा अरुंद आहे, पाण्याला निघायला जागा नाही. बंधारा जवळजवळ बुडाला होता. मासे उडत नव्हते, कारण उडायची गरज नव्हती. ते पोहत जात होते. गढुळात दिसलं काही नाही, पण दुपारी वरच्या अंगाच्या आमच्या खाचरात गुडघाभर पाण्यात वीतभर मासे पाठी उघड्या टाकून लोळत होते. कालपर्यंत तिथे एकही नव्हता.

म्हणजे मी नऊ तारखेपासून उड्या मोजतोय त्या वाट अडल्याची मोजणी आहे. जिथे वाट मोकळी, तिथे उडी नाही.

पूर साडेचार तासांत ओसरला आणि अंधार पडायच्या आत पुन्हा उड्या सुरू.

२२ जून

स्कॉटलंडच्या पिटलॉक्री इथल्या टी. ए. स्टुअर्ट या संशोधकाचं १९६२ चं काम वाचलं. सामन आणि ट्राउट धबधब्यांवर कसे उडतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. माझ्या कामाच्या दोन गोष्टी मिळाल्या. एक, उडीला उद्युक्त करतो तो कोसळणाऱ्या पाण्याचा आघात, आणि मासा त्या आघातानं उठलेल्या फुगवट्यातून उडतो, कारण तिथे पाणी स्वतःच वर जात असतं आणि त्याचा रेटा फुकटात मिळतो. दोन, असा फुगवटा नीट बनायला खाली खोली लागते. पाणी जेवढ्या उंचीवरून पडतं त्याच्या सव्वापट.

नऊ तारखेला मी हेच बघितलं होतं. आमचे मासे मूर्ख नव्हते. फुगवटा फरशीच्या कडेला होता, म्हणून ते तिथून उडत होते. भिंतीखाली खोलीच नाही, मग फुगवटा कुठून येणार?

सगळेच चढणारे मासे उडत नाहीत हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. बंगालचा हिलसा समुद्रातून गंगेत शेकडो किलोमीटर चढायचा, पण तो उडी मारणारा मासा नाही. १९७५ मध्ये फराक्का बराज सुरू झाल्यावर वरच्या गंगेतला हिलसा जवळपास संपला. आमच्याकडे मरळ आणि डाकू उडायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते काठाच्या ओल्या गवतातून सरपटत बंधाऱ्याला वळसा घालतात. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर दोन डाकू तसेच जाताना दिसले. आमच्या खवल्यांच्या माशांना ती सोय नाही.

२६ जून

भिंतीला हात लावता येणार नाही. ती सरकारी, आणि उन्हाळ्यात तिच्याच पाण्यावर गावाचा भाजीपाला. म्हणून ठरवलं, खालचं पाणी वर उचलायचं. फरशीच्या बाहेरच्या कडेला दगडांची आडवी रांग लावली की फरशीवर पाणी तुंबेल, डोह भिंतीजवळ येईल. ग्रामपंचायतीत जाऊन बोललो, सुट्या दगडांना हरकत नाही म्हणाले.

किती उंच रांग? स्टुअर्टच्या सव्वापटीनं हिशेब केला. फरशीवर पाणी d सेंटिमीटर तुंबवलं तर चढ राहतो ७२ − d. खोली चढाच्या सव्वापट हवी:

d = १.२५ × (७२ − d)

उत्तर आलं ४०. चढ उरला ३२. आणि फरशीवर आधीच ८ सेंटिमीटर पाणी असतं, म्हणजे खालच्या डोहातून रांगेवर चढायलाही ३२ च. एका ६४ च्या दोन पायऱ्या झाल्या, प्रत्येकी ३२. २५ सेंटिमीटरचा मासा ३२ चढतो, तोही काठावर पास. पण फुगवट्याचा रेटा त्यात धरलेला नाही.

मग लहानांचं काय? त्यांना उडी जमणारच नाही. त्यांच्यासाठी उतरण. डाव्या काठाला, जिथे माथा ३ सेंटिमीटर खाली आहे, तिथे भिंतीला लागून ओबडधोबड दगडांचा अडीच मीटर लांब उतार. पाणी कमी झालं तरी शेवटपर्यंत तिथूनच वाहील. दगडांमागे पाणी संथ होतं, मासा एका दगडामागून दुसऱ्यामागे जातो, मधे दम खातो. गुळगुळीत काँक्रीटचा उतार याला चालत नाही, त्यावर पाणी एकसारखं सुसाट पळतं.

२८ जून

चौघांनी दिवसभर दगड वाहिले. गोण्यांत रेती भरून सरळ रांग लावली. संध्याकाळी फरशीवर ३७ सेंटिमीटर पाणी. खूश होऊन झोपलो.

३० जून

वाहून गेलं. अर्ध्या गोण्या डोहात, दोन फाटलेल्या. एवढी वर्षं साइटवर काढून मी शेवाळलेल्या काँक्रीटवर गोण्या ठेवल्या, वर सरळ रेषेत. पाण्याला ढकलायला आणखी काय पाहिजे? आप्पा काही बोलले नाहीत, फक्त टोपली जरा खाली सरकवून बांधली.

४ जुलै

पुन्हा केलं. या वेळी मोठे दगड फरशीच्या कडेबाहेर, डोहाच्या तळात रोवले, म्हणजे त्यांची पाठ खालच्या तळाला आणि छाती फरशीच्या कडेला. रांग कमानीसारखी, फुगीर बाजू वरच्या पाण्याकडे, म्हणजे पाणी जेवढं ढकलेल तेवढे दगड एकमेकांत आवळतील. खालच्या बाजूला लहान दगडांचा उतार. फटी मुद्दाम तशाच ठेवल्या, थोडं पाणी त्यांतून झिरपू दे. काठाला दोन्हीकडे दगड आत घुसवले, नाहीतर पाणी कडेनं माती खाऊन निघून जातं.

फरशीवर पाणी ४१.

१० जुलै

मधे दोनदा ओढा भरून वाहिला, रांग जागेवर आहे. वरचे तीन दगड गेले, बसवले.

आज पाणी बरंच निवळलंय. डाव्या काठाला रचलेल्या दगडी उतरणीच्या माथ्यावर पांढरी टाइल ठेवली, वरून जाणारा मासा तिच्यावर काळा दिसतो. अर्धा तास मोजलं. भिंतीवर उड्या १३, त्यातल्या ४ पार. चारही मासे वीतभराहून मोठे. उड्या आता भिंतीच्या पायाशी, नव्या फुगवट्यातून. टाइलवरून गेलेले २७, बहुतेक बोटभर. त्यांतला एकही उडाला नाही.

आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरींनी ओडिशात माशाच्याच मेंदूतळाच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली होती. मावसभावाला फोनवर तेच समजावत होतो. त्याच्या रोहूला गाबोळी धरते, पण साचलेल्या तळ्यात तो अंडी सोडत नाही. नदीतल्या पुराचं पाणी जी खूण देतं, ती सुईतून द्यावी लागते. "म्हणजे त्या दिवशी बांधावर येऊन पडले ते..." म्हणाला आणि गप्प झाला.

१८ जुलै

खाचरात चिमटीत मावतील एवढी पिल्लं, थवेच्या थवे. भाताच्या रोपांच्या सावलीत तोंडं एका दिशेला करून. लावणीला आलेल्या बायकांना चालताना पायाला गुदगुल्या होतात म्हणे. पाणी ओसरताना खाचराच्या मोऱ्या एकदम मोकळ्या करू नका, हे शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, नाहीतर मोरीच्या तोंडाला जाळं लावणारे आहेतच.

बंधाऱ्यावर अर्ध्या तासात उड्या ३. आज बघायला कुणी नव्हतं.

आप्पा टोपली सोडून घरी घेऊन आले. पडवीत उपडी ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या दगडांनी माझी वलगण मोडली रे." मग जेवताना, जरा वेळानं, "ती पांढरी फरशी उद्या परत ठेव. मला पण बघायचंय."